‘की’ एक, अरबी शब्द तीन : इन्नऽ, अन्नऽ आणि अन् या धड्याच्या नोंदी

7 जून

शनिवारच्या अरबी वर्गासाठी मराठीतून व्याकरणाची पुस्तिका करतेय, तिचा नववा धडा आजपासून हातात घेतला. आठ धडे सरळ गेले. या धड्याला मात्र मी गेली दोन वर्षं बगल देत आले. वर्गात विचारलं की ‘पाठ करा’ म्हणायचं आणि पुढे जायचं, असं चाललं होतं. यंदा ते करायचं नाही.

अडचण अशी. ‘मला माहीत आहे की घर मोठं आहे’, ‘तो म्हणाला की घर मोठं आहे’, ‘माझी इच्छा आहे की मुलाने अभ्यास करावा’. मराठीत तिन्ही ठिकाणी एकच ‘की’. अरबीत पहिल्याला अन्नऽ, दुसऱ्याला इन्नऽ, तिसऱ्याला अन्. शिवाय पहिल्या दोघांच्या मागून येणारं नाम आपली विभक्ती बदलतं आणि तिसऱ्याच्या मागून तर नाम थेट येतच नाही, क्रियापद येतं. आपल्या ‘की’मुळे पुढच्या नामाला काहीच होत नाही, त्यामुळे इथे काही बदलायचं असतं हेच मुलांच्या ध्यानात राहत नाही.

लिपीही मदत करत नाही. रोजच्या छापील मजकुरात स्वरचिन्हं नसतात, म्हणून अन्नऽ आणि अन् डोळ्यांना अगदी सारखे दिसतात. इन्नऽचा हमझा, म्हणजे ते छोटं चिन्ह, अलिफ या अक्षराच्या खाली असतो, एवढाच फरक दिसतो, आणि घाईत लिहिणारे तोही गाळतात. धड्याच्या सुरुवातीला चिन्हांसकट ही ओळ टाकणार आहे. उजवीकडून वाचायची: इन्नऽ, अन्नऽ, अन्. शेवटचा इन् म्हणजे ‘जर’. तो वेगळा शब्द आहे, पण दिसतो इन्नऽसारखाच.

```
إِنَّ   أَنَّ   أَنْ   إِنْ
```

8 जून

मूळ वाक्य ठरवलं: अल् बैतु कबीरुन्, म्हणजे घर मोठं आहे. दोन्ही शब्दांच्या शेवटी ‘उ’ आहे, म्हणजे दोन्ही प्रथमेत. याच्या आधी इन्नऽ आला की होतं इन्नऽ-ल् बैतऽ कबीरुन्. ‘बैतु’चं ‘बैतऽ’ झालं, म्हणजे नाम द्वितीयेत गेलं. ‘कबीरुन्’ जागचं हललं नाही. अरबी व्याकरणात त्या नामाला इन्नऽचं इस्म म्हणतात आणि उरलेल्या विधानाला खबर. खबर हा शब्द आपल्याकडे आहेच, आणि अर्थही जवळचा आहे: घराबद्दल जी खबर द्यायची ती. धड्यात हेच दोन शब्द ठेवते, तिसरा आणत नाही.

अन्नऽही हेच करतो: अरफ्तु अन्नऽ-ल् बैतऽ कबीरुन्, घर मोठं आहे हे मला कळलं. म्हणजे विभक्तीच्या बाबतीत इन्नऽ आणि अन्नऽ सख्खे भाऊ. एक निवडला काय नि दुसरा काय, पुढच्या नामाचा शेवट तोच. मुलांना हे आधी सांगितलं पाहिजे. निवड चुकली तरी विभक्ती बरोबर लिहिता येते, आणि निवड बरोबर असूनही विभक्ती चुकते. या दोन वेगळ्या चुका आहेत, त्या वेगळ्याच तपासायच्या.

14 जून

आज वर्गात धड्याचं पहिलं पान वाचायला दिलं आणि एक गोष्ट उघडी पडली. मी कागदावर ‘इन्नल् बैत कबीरुन्’ असं लिहिलं होतं. सगळ्यांनी एका सुरात वाचलं: इन्नल् बैत् कबीरुन्. ‘त’ पाय मोडून.

त्यांचं काही चुकलं नाही. मराठी वाचणारा माणूस शब्दाच्या शेवटचा ‘अ’ उच्चारत नाही. घर लिहितो, घर् म्हणतो. आणि अरबीत द्वितीयेची खूण नेमका हाच शेवटचा ‘अ’. प्रथमेचा ‘उ’ देवनागरीत दिसतो, षष्ठीची ‘इ’ दिसते, पण द्वितीयेचा ‘अ’ अक्षरातच मुरलेला असतो आणि आपण तो सवयीने गिळतो. म्हणजे या धड्यात जे शिकवायचं तेच माझ्या लिखाणात अदृश्य होतं. गेल्या दोन वर्षांत मुलांना हे का जमत नव्हतं, त्याचा मोठा भाग आज समजला.

घरी येऊन सगळ्या पुस्तिकेत आणि या आधीच्या नोंदींतही शेवटच्या उच्चारायच्या ‘अ’ला अवग्रह लावायला घेतला: बैतऽ, यद्रुसऽ, कालऽ. त्याचा दुसरा फायदा असा की ‘अन्न’ वाचताना जेवण आठवत नाही आणि ‘अन्’ म्हणजे ‘आणि’ नव्हे हेही शेजारी शेजारी पाहून लक्षात राहतं. रात्री बारापर्यंत चार धडे झाले.

15 जून

उरलेल्या धड्यांना अवग्रह लावून झाले.

21 जून

निवडीच्या नियमाचा पहिला मसुदा वर्गात नेला. मी लिहिलं होतं: मराठीत ‘की’ आणि पुढे पूर्ण वाक्य असेल तर अन्नऽ, मराठीत ‘-यचं’ किंवा ‘-णं’ असेल तर अन्. ‘मला जायचं आहे’ म्हणून अन्, ‘मला माहीत आहे की तो गेला’ म्हणून अन्नऽ.

पाच मिनिटांत मोडला. आखातात नोकरीसाठी निघालेला एक इलेक्ट्रिशियन आमच्या वर्गात आहे, तो म्हणाला, “मॅडम, ‘साहेबांची इच्छा आहे की काम आज संपावं’ यात ‘की’ आहे, मग अन्नऽ ना?” नाही. तिथे अन्. त्याचं वाक्य बरोबर होतं आणि माझा नियम चूक.

संध्याकाळी बसून त्याच वाक्याकडे पाहत राहिले. उत्तर वाक्यातच होतं. ‘की’कडे पाहायचंच नाही, त्याच्या पुढच्या क्रियापदाकडे पाहायचं. ‘काम आज संपलं’ ही घडलेली गोष्ट, ‘काम आज संपावं’ हे मागणं. मराठीत हा फरक आपण ‘-वा, -वी, -वं’ लावून करतो. अरबीत तो अन् घालून आणि वर्तमानकाळी क्रियापदाच्या शेवटी ‘उ’चा ‘अ’ करून होतो: यद्रुसु म्हणजे तो अभ्यास करतो, अन् यद्रुसऽ म्हणजे त्याने अभ्यास करावा. इच्छा, गरज, शक्यता, भीती या क्रियापदांमागून आपल्याकडे जिथे ‘-वं’ बसतं तिथे अरबीत अन् येतो. उरीदु (मला हवं आहे), यजिबु (पाहिजेच), युम्किनु (शक्य आहे) यांच्या मागून अन्. कळणं, ऐकणं, समजणं, खात्री असणं यांच्या मागून आपण ‘-वं’ म्हणत नाही, तिथे अन्नऽ.

नवा नियम वहीत लिहिला आणि ज्याने जुना मोडला त्याला फोनवर वाचून दाखवला. त्याने स्वतःहून तीन वाक्यं करून तपासली. तिन्ही बसली.

22 जून

नव्या नियमालाही एक भोक आहे. ‘मुलगा गेल्यानंतर’ याचं अरबीत बादऽ अन् असं होतं, आणि पुढे चक्क भूतकाळाचं क्रियापद येतं. तिथे मागणं नाही की शक्यता नाही, तरी अन् आहेच. म्हणजे ‘-वं’ ही खूण बहुतेक वेळा चालते, सगळीकडे नाही.

सगळीकडे चालणारी खूण जास्त ठोकळ आहे: पुढचा शब्द काय? अन्च्या लगेच मागून क्रियापद. अन्नऽच्या मागून नाम किंवा सर्वनाम, क्रियापद कधीच नाही. ‘तो गेला हे मला कळलं’ म्हणताना अन्नऽच्या पुढे थेट ‘गेला’ ठेवता येत नाही. मध्ये सर्वनाम चिकटवावं लागतं, अन्नहु, आणि मग क्रियापद. मुलांच्या वह्यांत ‘अरफ्तु अन्नऽ’च्या पुढे थेट क्रियापद फार वेळा दिसतं. ते दिसलं की दोनच शक्यता: एक तर अन्नहु करायला विसरलेत, नाही तर त्यांना अन् हवा होता.

28 जून

आजचा वर्ग नामाच्या शेवटावर घातला, आणि एकाच चुकीवर पाऊण तास गेला. वाक्य होतं: उरीदु अन् यद्रुसऽ-ल् वलदु, मुलाने अभ्यास करावा असं मला वाटतं. बारा वह्यांपैकी आठ वह्यांत ‘वलदऽ’.

का झालं ते मुलांनीच सांगितलं. मागच्या वेळी ‘अन्नऽनंतर नाम द्वितीयेत’ हे ठसवलं होतं. आता अन् दिसला, पुढे नाम दिसलं, लावली द्वितीया. पण अन्चा अंमल क्रियापदापुरताच आहे. यद्रुसऽच्या शेवटचा ‘अ’ त्याने दिला आणि त्याचं काम संपलं. पुढचा ‘वलद’ हा त्या क्रियापदाचा कर्ता, आणि कर्ता नेहमीसारखा प्रथमेत: वलदु. त्याच्याही पुढे कर्म आलं असतं तर ते द्वितीयेत गेलं असतं, पण ते क्रियापदामुळे, अन्मुळे नव्हे.

फळ्यावर दोन वाक्यं खालीवर लिहिली आणि हाताने बाण काढले. वरच्या वाक्यात अन्नऽपासून बाण नामाकडे. खालच्या वाक्यात अन्पासून बाण क्रियापदाकडे, आणि क्रियापदापासून दुसरा बाण नामाकडे. खालच्या वाक्यात अन्चा बाण नामापर्यंत पोचतच नाही. धड्यात हे चित्र हवंच.

29 जून

बाणाचं चित्र काढताना दुसरी अडचण सुचली, ती आत्ताच लिहून ठेवते. ‘इन्नऽनंतरचं नाम’ म्हणजे चिकटून येणारं नाम नव्हे.

इन्नऽ फि-ल् बैति रजुलन्. घरात एक माणूस आहे. इन्नऽनंतर पहिला शब्द ‘फी’, म्हणजे ‘मध्ये’. त्याच्या मागून बैत, आणि ‘फी’च्या मागे असल्यामुळे त्याचा शेवट ‘इ’: बैति. इन्नऽचं इस्म कोण? माणूस. तो सगळ्यांत शेवटी बसलाय, तरी द्वितीया त्यालाच: रजुलन्. ‘घरात’ ही खबर आहे, तिला पुढे आणलं एवढंच. मराठीतही आपण ‘घरात माणूस आहे’ असंच म्हणतो, ‘माणूस घरात आहे’ म्हणजे निराळं. त्यामुळे शब्दक्रम मुलांना ओळखीचा वाटेल, पण हात मात्र ‘बैतऽ’ लिहिणार. ओळखायचं कसं, तर इन्नऽ झाकून उरलेल्या वाक्याला विचारायचं: कोणाबद्दल बोलणं चाललंय? त्याला ‘अ’.

5 जुलै

आजची नोंद सविस्तर लिहायची आहे.

वर्गात रत्नागिरीकडची एक ताई येते. लहानपणी मदरशात कुराण वाचायला शिकलेली, उच्चार माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ, पण व्याकरण कधी शिकवलं गेलं नाही. अन्नऽची उदाहरणं चालली होती. ती एकदम थांबली आणि म्हणाली, “मॅडम, हे अज़ानमध्ये आहे.”

आहेच. अज़ानमधली दोन वाक्यं: अश्हदु अन् ला इलाहऽ इल्लल्लाह, आणि अश्हदु अन्नऽ मुहम्मदन् रसूलुल्लाह. ‘अश्हदु’ म्हणजे मी साक्ष देतो. साक्ष देणं हे कळण्याच्या जातीचं क्रियापद, म्हणून अन्नऽ. इस्म मुहम्मदन्, द्वितीयेत. खबर रसूलु, प्रथमेत. आमच्या मूळ वाक्याचा साचा जसाच्या तसा.

पण ऐकताना ‘मुहम्मदन्’ ऐकू येत नाही, ‘मुहम्मदर् रसूलुल्लाह’ ऐकू येतं. याचं कारण तिला माझ्याआधी सांगता आलं: इदगाम. शेवटचा ‘न्’ पुढच्या ‘र’मध्ये मिसळतो. ‘न्’ गेला तरी त्याच्या आधीचा ‘अ’ जागेवर राहतो, म्हणून ‘दर्’. मग मी तिला पहिला कलमा म्हणायला सांगितला. ला इलाहऽ इल्लल्लाह, मुहम्मदुर् रसूलुल्लाह. ‘दुर्’. ती पुन्हा थांबली. इतकी वर्षं दोन्ही अचूक म्हणत आली होती, एका ठिकाणी दर्, दुसऱ्या ठिकाणी दुर्, आणि फरक का हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. कलम्यात अन्नऽ नाही, म्हणून नाम प्रथमेत: मुहम्मदुन्. अज़ानमध्ये अन्नऽ आहे, म्हणून मुहम्मदन्. अख्खा धडा त्या एका ‘द’च्या स्वरात आहे.

तिचे डोळे भरून आले. मी फळा पुसला नाही, दोन्ही ओळी तास संपेपर्यंत तशाच ठेवल्या.

पहिल्या वाक्यातल्या अन्बद्दल एका सरांनी विचारलं. निवृत्त शाळामास्तर आहेत, संस्कृत शिकवायचे. “अन्च्या मागून क्रियापद म्हणालात, इथे तर ‘ला’ आहे, आणि पुढे नाम.” प्रश्न रास्त आहे. हा अन् म्हणजे अन्नऽच, हलका केलेला. व्याकरणकार मानतात की त्याचं इस्म एक न उच्चारलेलं सर्वनाम असतं, म्हणून समोरच्या नामावर त्याचा अंमल दिसत नाही. ‘इलाहऽ’चा ‘अ’ आहे तो ‘ला’मुळे, अन्मुळे नव्हे. कुराणात दहाव्या सूरेच्या दहाव्या आयतीत हलक्या अन्पुढे ‘अल्हम्दु’ असा ‘उ’ आहे, तिथे हे अधिक स्वच्छ दिसतं. ओळखायची खूण: मागे कळण्या-सांगण्याच्या अर्थाचा शब्द आणि पुढे मागणीचं क्रियापद नाही, तर तो हलका अन्नऽ. धड्यात हे चौकटीत टाकते, मुख्य मजकुरात नाही.

6 जुलै

‘तो म्हणाला’ या प्रकरणाला एक अख्खा दिवस दिला. कालऽ, म्हणजे म्हणाला, याच्या मागून इन्नऽ येतो, अन्नऽ नाही. वर्तमानपत्री अरबीत ‘कालऽ अन्नऽ’ सर्रास दिसतं, पण परीक्षेत ते चूक धरतात आणि जुन्या नियमाप्रमाणे चूक आहेच.

कारण मराठीतून फार सोपं होतं. ‘घर मोठं आहे, असं तो म्हणाला.’ या रचनेत बोललेले शब्द स्वतंत्र वाक्य म्हणून उभे राहतात. अरबीतही म्हणाला-मागचा मजकूर नवं वाक्य मानतात, आणि वाक्याच्या आरंभी इन्नऽ. उलट ‘घर मोठं आहे हे मला कळलं’ यात ‘घराचं मोठेपण मला कळलं’ असं करता येतं. आख्खं वाक्य एका नामात मावलं की अन्नऽ. 1274 मध्ये दमास्कसला वारलेले इब्न मालिक यांनी हजारेक ओळींच्या पद्यव्याकरणात हा नियम एका ओळीत बसवलाय: क्रियावाचक नाम त्या जागी बसत असेल तर हमझ्याला ‘अ’ द्या, नाही तर ‘इ’. मी त्यांचाच नियम ‘घराचं मोठेपण’ या दोन शब्दांत आणला, एवढंच. ‘त्याने घराचं मोठेपण म्हटलं’ असं कोणी म्हणत नाही, म्हणून तिथे इन्नऽ.

जोर देऊन सांगणं, जाहीर करणं ही क्रियापदं मात्र अन्नऽ घेतात. सक्ती फक्त ‘म्हणणं’ या धातूपुरती आहे.

एका वहीतलं वाक्य पूर्ण सोडवून धड्यात घेतलं. मराठी: तो म्हणाला की त्याचे वडील प्रवासात आहेत. वहीत होतं: कालऽ अन्नऽ अबूहु मुसाफिरुन्. मागे ‘म्हणाला’ आहे म्हणून इन्नऽ. इन्नऽचं इस्म ‘वडील’, म्हणून द्वितीया. आणि ‘अब’ हा त्या मोजक्या नामांतला आहे ज्यांची विभक्ती दीर्घ स्वराने, म्हणजे प्रत्यक्ष अक्षराने दाखवतात: अबूहु प्रथमेत, अबाहु द्वितीयेत. खबर मुसाफिरुन् तशीच.

```
قال إن أباه مسافر
```

हे वाक्य मुद्दाम निवडलं. यात एकही स्वरचिन्ह नाही, तरी द्वितीया डोळ्यांना दिसते, अलिफच्या रूपाने. चिन्हं नसलेल्या मजकुरात विभक्ती दिसण्याच्या अशा जागा थोड्याच आहेत, त्यांतल्या तीन: अबसारखी नामं, -ऊनऽचं -ईनऽ होणारी अनेकवचनं, आणि रजुलन्सारख्या शब्दाच्या शेवटचा अलिफ. सरावाची वाक्यं याच तीन प्रकारांतून घेतली तर मुलं आपली उत्तरं स्वतः तपासू शकतील.

12 जुलै

सरावाची सगळी वाक्यं एका फाइलमध्ये आहेत, चिन्हांशिवाय. ‘म्हणाला’नंतर माझ्याच हातून अन्नऽ गेलाय का ते शोधायला हे चालवलं:

```
grep -nE '(قال|قالت|قالوا) أن ' vakye.txt
```

दोन ओळी सापडल्या, दुरुस्त केल्या. पण छापील प्रत वाचताना तिसरी दिसली, ‘कालऽ अन्नहु’. सर्वनाम चिकटल्यामुळे शब्दापुढे रिकामी जागा नव्हती, म्हणून शोधात आली नाही. बदललेला शोध:

```
grep -nE '(قال|قالت|قالوا) أن(ه|ها|هم|ني|نا)? ' vakye.txt
```

आणखी एक मिळाली. या शोधाने अन्नऽ आणि अन् यांच्यातली चूक मात्र सापडणार नाही, कारण चिन्हांशिवाय दोन्ही एकच अक्षरं. ती चूक वाचूनच काढावी लागते, पुढचा शब्द बघत.

19 जुलै

दोन अपवाद धड्याच्या शेवटी घातले. पहिला इन्नमा. इन्नऽला ‘मा’ चिकटला की त्याचा अंमल जातो: इन्नमल् आमालु बिन्निय्यात, कृत्यं हेतूवरच ठरतात. बुखारींच्या हदीससंग्रहातली ही पहिली हदीस. तिथे ‘आमालु’, ‘उ’ने. दुसरा: मागे ‘कळणं’ असूनही खबरेला ‘लऽ’ लागला असेल तर इन्नऽच येतो. याला दोन ओळी पुरे.

26 जुलै

धड्याची चाचणी घेतली. दहा वाक्यं, बारा वह्या. अन्च्या पुढच्या कर्त्याला ‘अ’ लावणारे गेल्या वेळी आठ होते, आज दोन. ‘म्हणाला’नंतर अन्नऽ लिहिणारे चार. हा आकडा अजून मोठा आहे, त्यासाठी ‘असं तो म्हणाला’ची आणखी सहा वाक्यं वाढवते. ‘घरात माणूस आहे’मध्ये सात जणांनी बैतऽ लिहिलं. तो भाग मी एका परिच्छेदात उरकला होता, तो पुन्हा लिहायचा.

इलेक्ट्रिशियनने उत्तरपत्रिकेच्या मागच्या बाजूला स्वतःचं एक वाक्य लिहून ठेवलं होतं, मागितलं नसताना: यजिबु अन् यस्मअऽ-ल् मुहन्दिसूनऽ. इंजिनिअरांनी ऐकलं पाहिजे. अन्, मग ‘अ’ने संपणारं क्रियापद, मग कर्ता -ऊनऽ, प्रथमेत. त्याच्या खाली दोन बाण काढले होते.

27 जुलै

‘फि-ल् बैति’चा भाग नव्याने लिहायला घेतला. या वेळी सुरुवात ‘कोणाबद्दल बोलणं चाललंय?’ या प्रश्नापासून.